जुन्या इंग्लिश चांदीवरचे शिक्के कसे वाचायचे: कोणता आधी, कोणता नंतर

चमच्याच्या दांड्यामागे पाच बारीक शिक्के ओळीने उमटलेले असतात. त्यातलं एक अक्षर अगदी स्पष्ट दिसतं, लहान 'के'. असं अक्षर शिक्का मारल्याचं वर्ष सांगतं, म्हणून बहुतेक जण लगेच वर्षांच्या अक्षरांचा तक्ता उघडतात, पहिला 'के' दिसला की त्यापुढचं वर्ष उचलतात आणि चमचा १७८५चा आहे असं ठरवून मोकळे होतात. खरं तर लंडनच्या तक्त्यात हा साध्या वळणाचा लहान 'के' तीनदा येतो: १७८५, १८२५ आणि १९०५. म्हणजे अंदाज चुकलाच, तर चाळीस किंवा एकशेवीस वर्षांनी चुकतो.

चूक अक्षर ओळखण्यात नसते, क्रमात असते. इंग्लिश हॉलमार्कमधली प्रत्येक खूण पुढच्या खुणेचे पर्याय कमी करत जाते, आणि अक्षराला त्याच्या आधीच्या तीन खुणांशिवाय अर्थच नसतो. माझ्याकडच्या एका टेबल-स्पूनवर नेमका हाच 'के' आहे. तोच चमचा हातात धरून शेवटपर्यंत जाऊ. हा लेख इंग्लिश चांदीपुरता आहे, कारण जुन्या चांदीत वर्षापर्यंत नेणारी इतकी शिस्तबद्ध पद्धत दुसरीकडे क्वचित सापडते. इतर देशांच्या खुणा कशा ओळखून बाजूला काढायच्या, ते वाटेत येईलच.

## १. तयारी: पॉलिश नको, प्रकाश हवा

वस्तू हातात आली की पहिला मोह होतो तो घासून चकचकीत करण्याचा. तो आवरा. शिक्का म्हणजे धातूत दाबलेला खळगा आणि त्या खळग्यात उठावदार राहिलेलं चित्र. खळग्यात साचलेला काळा थर हाच वाचण्याचा आधार असतो. पॉलिशने तो जातो आणि सोबत उठावाची धारही थोडी झिजते. दोनशे वर्षं घासल्या गेलेल्या चमच्यावर आता झिजायला फारसं काही उरलेलं नसतं.

कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाका, मऊ सुती कापडाने वस्तू धुवा आणि टिपून कोरडी करा. एवढं पुरे.

सावधान: सुरीची मूठ, मेणबत्तीचा स्टँड, पोकळ दांड्याची कोणतीही वस्तू पाण्यात बुडवू नका. आत राळ किंवा प्लास्टर भरलेलं असतं. पाणी आत शिरलं की मूठ सैल होते, आणि गरम पाण्याने राळ वितळून सांध्यातून बाहेर येते.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सोनार डोळ्याला लावतात ते चालतं. खोलीतला मोठा दिवा बंद करा आणि एक छोटी टॉर्च जवळजवळ आडवी, पृष्ठभागाला टेकल्यासारखी धरा. प्रकाश बाजूने आला की उठावाच्या एका कडेला सावली पडते आणि सपाट वाटणारा डाग एकदम सिंह होतो. टॉर्च चारही बाजूंनी फिरवा. एका बाजूने न दिसलेला पाय दुसऱ्या बाजूने दिसतो.

फार झिजलेल्या शिक्क्यासाठी एक जुनी युक्ती आहे. वस्तू मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकावर दोन-तीन सेकंद धरा, शिक्क्यावर काजळीचा पातळ थर बसेल. वस्तू निवल्यावर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी हलक्या हाताने दाबा, उचला आणि पांढऱ्या कागदावर लावा. ठसा सरळच उमटतो, उलटा नाही, कारण आपण पट्टीच्या पाठीकडून बघत असतो. वर ज्या भरलेल्या वस्तू सांगितल्या, त्यांवर आणि लाकडी किंवा हस्तिदंती मूठ असलेल्या वस्तूंवर हे करू नका.

पुढे जाण्याआधी: शिक्क्यांची ओळ सरळ धरली आहे का? सिंह शोधा. त्याचे पाय खाली आणि तोंड तुमच्या डाव्या हाताकडे असेल तर ओळ सरळ आहे. उलट्या धरलेल्या 'एन'चा 'यू' वाचला गेल्याची उदाहरणं मी बरीच पाहिली आहेत.

## २. चांदी आहे की चांदीचा मुलामा

ही पायरी लोक वगळतात, कारण ओळीने शिक्के दिसले की चांदीच असणार असं वाटतं. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कुटुंबाने विजेने चांदी चढवण्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर मुलाम्याची भांडी प्रचंड संख्येने निघाली, आणि अनेक उत्पादकांनी त्यांवर हॉलमार्कसारख्याच छोट्या ढालींमध्ये एकेक अक्षर मारलं. 'ई', 'पी', 'एन', 'एस' ही चार अक्षरं चार वेगळ्या चौकटींत, गॉथिक वळणात असली की दुरून हॉलमार्कची ओळच भासते. तिचा अर्थ मात्र एवढाच की निकेल सिल्व्हरवर विजेने चांदी चढवली आहे. निकेल सिल्व्हर हा तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू आहे. त्यात चांदी औषधालाही नसते.

यात हमखास होणारी चूक म्हणजे शेवटचा 'एस' वर्षाचं अक्षर समजणं. दुसरी चूक 'ए-वन' वाचून ती शुद्धतेची प्रत समजणं. ती फक्त मुलाम्याच्या जाडीची प्रत असते.

शिक्के अस्पष्ट असतील तर झिजणाऱ्या जागा बघा. चमच्याच्या वाटीची खालची टाच टेबलावर घासते, काट्याची टोकं ताटावर घासतात, तबकाची कड कापडाने पुसली जाते. तिथे पिवळसर-करडी झाक दिसली तर खाली निकेल सिल्व्हर आहे, तांबूस दिसली तर तांबं. सबंध चांदीची वस्तू कितीही झिजली तरी खालून चांदीच निघते.

सावधान: लोहचुंबकावर विसंबू नका. चुंबक चिकटला तर वस्तू सबंध चांदीची नाही हे नक्की. चिकटला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळ, तांबं आणि निकेल सिल्व्हर यांनाही तो चिकटत नाही.

माझ्या चमच्याची टाच चांगलीच झिजून सपाट झाली आहे आणि रंग सगळीकडे एकच आहे. पुढे जायला हरकत नाही.

## ३. शुद्धतेची खूण: सिंह, ब्रिटानिया की आणखी काही

आता ओळीत चालणारा सिंह शोधा. एक पुढचा पंजा उचललेला, शेपूट पाठीवर वळलेली. इंग्लंडमध्ये १५४४ पासून ही स्टर्लिंगची खूण आहे: हजारात ९२५ भाग चांदी, उरलेलं बहुधा तांबं. लंडनच्या सिंहात एक बारीक फरक आहे आणि तो पुढे फार उपयोगी पडतो. १८२१ च्या सुमारापर्यंत तो चालता चालता मान वळवून आपल्याकडे बघतो. त्यानंतर समोर, म्हणजे डावीकडे बघतो.

सिंहाऐवजी बसलेली स्त्री दिसली, हातात भाला आणि बाजूला ढाल, तर ती ब्रिटानिया. तिचा अर्थ हजारात ९५८ भाग चांदी. १६९७ ते १७२० या काळात इंग्लंडमध्ये हीच शुद्धता सक्तीची होती, नंतर ती ऐच्छिक झाली. त्यामुळे 'ब्रिटानिया आहे म्हणजे १७२० च्या आधीचं' हा निष्कर्ष घाईचा ठरतो. विसाव्या शतकातही या प्रतीची भांडी घडवली गेली.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या चांदीवर हा चालता सिंह नसतो. तिथे १७५९ पासून १९७५ पर्यंत काटेरी थिसलचं फूल ही स्टर्लिंगची खूण होती. डब्लिनच्या चांदीवर मुकुटाखाली हार्प हे तंतुवाद्य असतं.

यातलं काहीच नसेल आणि नुसता आकडा किंवा अनोळखी डोकं असेल, तर वस्तू बहुधा दुसऱ्या देशाची आहे आणि इंग्लिश तक्ता बंद करा. चंद्रकोर, मुकुट आणि ८०० हे तिन्ही एकत्र असतील तर जर्मनी, १८८८ नंतरचं. शिरस्त्राण घातलेलं मिनर्व्हा देवीचं डोकं म्हणजे फ्रान्स, १८३८ नंतरचं. तिच्याजवळ १ असेल तर हजारात ९५०, २ असेल तर ८००. रशियन चांदीवर ८४ असतो. तो टक्का नव्हे: रशियन मापात शुद्ध चांदी ९६ झोलोत्निक धरत, म्हणून ८४ म्हणजे हजारात ८७५. नुसता 'स्टर्लिंग' हा शब्द लिहिलेला असेल तर बहुतेक वेळा अमेरिका.

शुद्धतेची मर्यादा: शिक्का धातूच्या कसाबद्दल बोलतो, वस्तूच्या वजनाबद्दल नाही. मेणबत्तीच्या स्टँडच्या बुडाशी सिंह असला तरी आत राळ आणि लोखंडी सळई असू शकते. चांदी म्हणजे वरचा कागदासारखा पत्रा. अशी वस्तू वजनकाट्यावर ठेवून चांदीचा हिशेब करू नये.

माझ्या चमच्यावर सिंह आहे आणि तो समोर, म्हणजे डावीकडे बघतोय. १७८५ इथेच डळमळीत झालं, पण मान झिजली की नीट कळत नाही. म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही.

## ४. गावाची खूण: कोणत्या कचेरीने शिक्का मारला

चांदीचा कस तपासून शिक्का मारणाऱ्या कचेऱ्या वेगवेगळ्या गावांत होत्या आणि प्रत्येकीचं वर्षाच्या अक्षरांचं चक्र वेगळं होतं. म्हणून गाव न ठरवता अक्षर बघणं निरर्थक आहे. उदाहरण घ्या: १९०० मध्ये बर्मिंगहॅमला लहान 'ए' चालू झाला, त्याच वर्षी लंडनला 'ई' चालला होता.

लंडनची खूण बिबट्याचा समोरून दिसणारा चेहरा. १८२१ पर्यंत त्याच्या डोक्यावर मुकुट आहे, त्यानंतर नाही. मुकुट गेल्यावर तो मांजरीसारखा दिसतो. बर्मिंगहॅमचा नांगर, जहाजाचा. शेफील्डचा मुकुट. या दोन्ही कचेऱ्या १७७३ मध्ये सुरू झाल्या, त्यामुळे नांगर असलेली वस्तू त्याआधीची असूच शकत नाही. शेफील्डने १९७५ पासून मुकुटाऐवजी गुलाब घेतला. चेस्टरची खूण गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार. ती कचेरी १९६२ मध्ये बंद झाली. एक्सेटर आणि एडिंबरो दोन्हींच्या खुणेत तीन बुरुजांचा किल्ला आहे, आणि इथे मागची पायरी कामाला येते. किल्ल्यासोबत थिसल असेल तर एडिंबरो, सिंह असेल तर एक्सेटर.

इथे दोन चुका वारंवार होतात.

पहिली: 'बिबट्या दिसला म्हणजे लंडन.' चेस्टर, न्यूकॅसल, यॉर्क अशा गावांच्या कचेऱ्याही बराच काळ स्वतःच्या खुणेसोबत बिबट्याचा चेहरा मारत. ओळीत बिबट्याशिवाय दुसऱ्या गावाची खूण आहे का, ते आधी बघा. असेल तर गाव तेच.

दुसरी याच्या उलट: बिबट्या नाही म्हणजे लंडन नाही. लहान चहाच्या चमच्यांवर जागा कमी असल्याने लंडनमध्ये बिबट्या गाळला जाई. सिंह, अक्षर, राजाचं डोकं आणि कारागिराचा शिक्का आहे पण कोणत्याच गावाची खूण नाही, असा छोटा चमचा बहुधा लंडनचाच असतो.

माझ्या चमच्यावर बिबट्या आहे, दुसरं गाव नाही, आणि दोन कानांच्या मध्ये डोकं मोकळं आहे. म्हणजे लंडन, आणि १८२१ नंतर.

तपासा: मुकुट खरंच नाही, की झिजून गेला? चौकटीची वरची कड बघा. मुकुटवाल्या शिक्क्याची चौकट वर उंच असते, कारण मुकुटासाठी जागा लागते. मुकुट झिजला तरी ती मोकळी जागा राहते. माझ्या चमच्यावर चौकटीची कड कानांना लागूनच आहे.

## ५. राजाचं डोकं: कराची पावती

१७८४ च्या डिसेंबरपासून १८९० पर्यंत इंग्लंडमध्ये चांदीवरचा कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं मारलं जाई. ही माझी सगळ्यात आवडती खूण, कारण ती फार कमी जागेत फार मोठा काळ बाद करते. डोकं आहे म्हणजे वस्तू त्या एकशेपाच वर्षांतली. नाही म्हणजे त्याच्या आधीची किंवा नंतरची.

डोकं कुणीकडे बघतं आणि कसं उमटलं आहे, तेही पाहा. पहिली साधारण दीड वर्षं, १७८६ पर्यंत, तिसऱ्या जॉर्जचं डोकं खोल खोदलेलं आहे आणि डावीकडे बघतं. खोदलेलं म्हणजे इतर शिक्क्यांसारखं उठावदार नव्हे, चेहराच धातूच्या आत गेलेला. १७८६ पासून ते उठावदार झालं आणि उजवीकडे वळलं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम यांच्या काळातही ते उजवीकडेच राहिलं. व्हिक्टोरिया मात्र डावीकडे बघते. राजा बदलल्यावर नवा ठसा सगळ्या कचेऱ्यांत त्याच दिवशी आला असं नाही. म्हणून केवळ चेहऱ्यावरून एक-दोन वर्षांचा फरक ओढू नका.

सावधान: १९३५ च्या आसपास पंचम जॉर्ज आणि मेरी राणीची जोडीने दोन डोकी, १९५३ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास आणि १९७७ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथचं डोकं, अशा स्मरणार्थ खुणा विसाव्या शतकात मारल्या गेल्या. त्यांचा कराशी संबंध नाही.

माझ्या चमच्यावर डोकं आहे, उठावदार, उजवीकडे बघणारं. १९०५ लगेच बाद, कारण तेव्हा हा कर उरलाच नव्हता. १७८५ चा 'के' असता तर डोकं खोदलेलं आणि डावीकडे वळलेलं असतं. तेही बाद. अक्षराला अजून हातही लावलेला नाही आणि तीनपैकी एकच वर्ष उरलं आहे.

## ६. वर्षाचं अक्षर, आता

गाव ठरलं, कालखंड ठरला, आता त्या एका गावाचा तक्ता उघडा. अक्षरात तीन गोष्टी बघायच्या असतात: कोणतं अक्षर, कोणतं वळण आणि चौकटीचा आकार. लोक पहिलीच बघून थांबतात.

लंडनचं चक्र वीस अक्षरांचं. 'ए' पासून 'यू' पर्यंत, त्यात 'जे' नाही. चक्र संपलं की वळण बदलतं आणि पुन्हा 'ए'. त्यामुळे तेच अक्षर दर वीस वर्षांनी परत येतं. 'के' चं उदाहरण पुढे मांडतो:

- १७८५: साधा, लहान
- १८०५: साधा, मोठा
- १८२५: साधा, लहान
- १८४५: गॉथिक, मोठा
- १८६५: गॉथिक, लहान
- १८८५: साधा, मोठा
- १९०५: साधा, लहान
- १९२५: गॉथिक, लहान
- १९४५: साधा, मोठा

'साधा' म्हणजे छापील पुस्तकातलं रोमन वळण. 'गॉथिक' म्हणजे जाड-बारीक, टोकदार, जुन्या हस्तलिखितासारखं. ही यादी एकदा डोळ्यांखालून गेली की अक्षर एकटं का पुरत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. साधा लहान आणि साधा मोठा, दोन्ही तीन-तीनदा आले आहेत.

आता चौकट. तक्त्यात प्रत्येक चक्राची चौकट काढलेली असते: कोपरे कापलेले, वर सपाट, खाली टोक, किंवा ढालीसारखी. तुमच्या काजळीच्या ठशाशेजारी तक्त्यातलं चित्र ठेवा आणि अक्षर विसरून फक्त बाहेरची रेषा जुळवा. झिजलेल्या शिक्क्यात अक्षर पुसट होतं, पण चौकटीचे कोपरे खळग्यात असल्याने बरेच टिकतात. बुडाचं टोक डावी-उजवीकडून सारखं आहे का, वरची कड सरळ की किंचित वळलेली, एवढ्यावरही निर्णय लागतो.

झिजल्यावर काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. लहान 'सी' आणि 'ई' यांत मधली आडवी रेघ गेली की फरक उरत नाही. मोठा 'ओ' आणि 'क्यू' यांत शेपटी हरवते. गॉथिक 'टी' आणि 'सी' तर ताजे असतानाही फसवतात. अशा वेळी दोन्ही वर्षं लिहून ठेवा आणि कारागिराच्या शिक्क्याकडून उत्तर येतं का ते बघा.

अक्षर जानेवारीत बदलत नसे, हेही ध्यानात असू द्या. लंडनमध्ये १६६० पासून ते मे महिन्याच्या शेवटी बदले, म्हणून एक अक्षर दोन इंग्रजी वर्षांत पसरतं. १८२५ चा 'के' म्हणजे खरं तर १८२५-२६. १९७५ पासून सर्व ब्रिटिश कचेऱ्या १ जानेवारीला अक्षर बदलू लागल्या आणि सगळीकडे एकच अक्षर आलं. १९९९ पासून हे अक्षर ऐच्छिक आहे. त्यानंतरच्या वस्तूवर ते नसलं म्हणून संशय घेऊ नये.

सावधान: शेफील्डने १८२४ पर्यंत अक्षरं वर्णक्रमाने वापरली नाहीत. तिथे 'बी' नंतर 'सी' येईल असं गृहीत धरून बोटांवर वर्षं मोजू नका, तक्ताच बघा.

## ७. कारागिराचा शिक्का सर्वांत शेवटी

इंग्रजी आद्याक्षरांचा हा शिक्का सगळ्यांना आधी वाचायचा असतो, कारण त्यात नाव दडलेलं असतं. पण तीच दोन अक्षरं वेगवेगळ्या काळात कितीतरी जणांनी नोंदवली. गाव आणि वर्ष हातात नसताना नाव शोधलं, की हवं ते प्रसिद्ध नाव सापडतंच.

'एच. बी.' हे वळणदार अक्षरांत दिसलं की सगळे हेस्टर बेटमनकडे धावतात. तिने १७६१ मध्ये लंडनला आपला शिक्का नोंदवला आणि १७९० मध्ये काम सोडलं. वर्षाचं अक्षर १८२० चं निघालं तर तो शिक्का तिचा नाही, मग अक्षरं कितीही सुंदर वळलेली असोत. वर्ष आधी ठरवलं असेल तर ही चूक होतच नाही.

शिक्क्याचा तपशील बघा: दोन अक्षरांमध्ये टिंब आहे का, चौकट लांबट आहे की अंडाकार, अक्षरं शेजारी आहेत की एकाखाली एक. चार अक्षरं दोन ओळींत असतील तर भागीदारी. १६९७ ते १७२० च्या काळातल्या वस्तूवर आद्याक्षरं शोधू नका. तेव्हा आडनावाची पहिली दोन अक्षरं मारायची पद्धत होती, म्हणून लंडनचा प्रसिद्ध कारागीर पॉल द लामेरी याच्या सुरुवातीच्या शिक्क्यात 'एल, ए' आहे.

आणि हा शिक्का म्हणजे 'याच हाताने वस्तू घडवली' असं नाही. वस्तू कचेरीत तपासणीला पाठवणाऱ्याचा तो शिक्का आहे. मोठ्या दुकानांनी दुसऱ्यांकडून घडवून घेतलेल्या मालावर स्वतःचा शिक्का मारला आहे.

माझ्या चमच्यावर 'डब्ल्यू. सी.' आहे. लंडन, १८२५-२६, चमचे. या तीन गोष्टी ठरल्यावर विल्यम चॉनर हे नाव समोर येतं. तो त्या काळात लंडनमध्ये चमचे-काटे घडवत होता, आणि त्याच्या मागे १८३४ मध्ये मेरी चॉनरने स्वतःचा शिक्का नोंदवला. नाव लिहिण्याआधी मी टिंब आणि चौकट त्याच्या नोंदलेल्या शिक्क्याशी ताडून पाहिली, कारण त्याच आद्याक्षरांचे दुसरे कारागीरही असतात.

## ८. वस्तू आणि शिक्के एकमेकांना ओळखतात का

शिक्के अस्सल असून वस्तू खोटी असू शकते. म्हणून नाव सापडल्यावरही थांबू नका.

आधी घडण. माझ्या चमच्याचा दांडा टोकाला रुंद होतो आणि खाली खांद्यासारखा कोन काढतो. याला फिडल घाट म्हणतात. १८२५ ला हा घाट अगदी चलनात होता. १७८५ च्या आसपास लंडनमध्ये गोलसर टोकाचा साधा दांडा जास्त चालत होता. शिक्क्यांची जागाही बोलते: साधारण १७८० पर्यंत ते वाटीजवळच्या बारीक दांड्यावर मारत, त्यानंतर टोकाकडच्या रुंद भागावर. माझ्या चमच्यावर ते टोकाकडे आहेत.

मग सुटे भाग. चहादाणीच्या झाकणावर, सुट्या तळावर, बिजागरीवरच्या भागावर निदान सिंह आणि कारागिराचा शिक्का असायला हवा, आणि तो मुख्य भांड्याशी जुळायला हवा. झाकण कोरं असेल तर ते नंतर बदललेलं असण्याची शक्यता मोठी.

आता दोन जुन्या लबाड्या. पहिली: एका छोट्या वस्तूचे अस्सल शिक्के कापून मोठ्या भांड्याच्या बुडाशी झाळून बसवायचे. १७२० नंतर वजनावर कर लागला तेव्हा काही कारागिरांनीच कर चुकवायला हे केलं, नंतर किंमत वाढवायला इतरांनी केलं. ओळखायची रीत सोपी आहे. थंड, कोरडं बुड तोंडाजवळ धरा आणि त्यावर सावकाश, भरपूर वाफ सोडा. वाफ विरत असताना शिक्क्यांभोवती गोल किंवा चौकोनी बारीक रेष क्षणभर दिसली, तर तिथे सांधा आहे. झाळकामाचा धातू वेगळा असल्याने त्यावर ओलावा वेगळा बसतो. दोन-तीनदा करून बघा, एकदा दिसलेली रेष दुसऱ्यांदा शोधणं सोपं जातं.

दुसरी: अस्सल चमच्याचा साचा काढून ओतलेल्या नकला. ओतीव शिक्क्याच्या कडा मऊ असतात आणि भिंगातून तळाशी बारीक दाणे दिसतात. ठोकलेल्या शिक्क्याचा तळ गुळगुळीत असतो. सहा चमच्यांचा संच असेल तर कारागिराचा शिक्का बाकीच्या शिक्क्यांपासून किती अंतरावर आहे, ते प्रत्येकावर मोजा. तो कारागिराने आपल्या दुकानात वेगळा ठोकलेला असतो, म्हणून अंतर आणि कल थोडा थोडा बदलायलाच हवा. सहाही चमच्यांवर केसाएवढाही फरक नसेल, आणि तोच एक ओरखडा सगळ्यांवर असेल, तर ते एकाच साच्यातले आहेत.

## ९. नोंद लिहून ठेवा

काजळीचा ठसा कागदावर आहेच. त्याखाली शिक्के डावीकडून उजवीकडे, जसे दिसतात तसे लिहा, अर्थ वेगळ्या ओळीत. जे दिसलं आणि जे अनुमान काढलं, ते एकत्र करू नका. पुढे तक्ता चुकीचा वाचला गेल्याचं कळलं, तर वस्तू पुन्हा भिंगाखाली न घेता दुरुस्ती करता येते.

माझ्या चमच्याची नोंद अशी आहे:

*दिसतं ते:* डब्ल्यू. सी.; डावीकडे बघणारा सिंह; मुकुटाशिवाय बिबट्या; साधा लहान 'के'; उजवीकडे बघणारं उठावदार डोकं. पाचही दांड्याच्या रुंद टोकाकडे. फिडल घाट. टाच झिजलेली, रंग एकसारखा. वाफेने सांधा दिसत नाही.

*अनुमान:* स्टर्लिंग, हजारात ९२५. लंडन, १८२५-२६. बहुधा विल्यम चॉनर.